कैदी न्यायालयात हजर करण्याबाबतचे वॉरंट (प्रॉडक्शन वॉरंट)

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023, कलम 302 अन्वये

न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग, नाशिक यांचे न्यायालय
नियमित फौजदारी खटला क्र. 1142/2025
(मुंबई नाका पोलीस ठाणे, गु.र.नं. 318/2024)
सरकार वि. रमेश वाळू पगारे व इतर 1
कलमे : भारतीय न्याय संहिता 305(अ), 331(4) सह 3(5)
नेमलेली तारीख : 24 मार्च 2026

प्रति,
मा. अधीक्षक,
येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे.

ज्याअर्थी, वरील खटल्यातील आरोपी क्र. 2 संतोष ऊर्फ बाळ्या नामदेव घुले, वय 29, मूळ रा. सिडको, नाशिक, हा पुणे येथील एका वेगळ्या चोरीच्या खटल्यात 11 नोव्हेंबर 2025 रोजी झालेली दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आपल्या कारागृहात भोगत आहे (शिक्षाबंदी क्र. सी-4187);

आणि ज्याअर्थी, या न्यायालयातील खटला आरोप निश्चितीवर थांबला असून आरोपी क्र. 1 प्रत्येक तारखेला येऊन जातो, पण दोघांवरचा आरोप एकत्र असल्याने आरोपी क्र. 2 समोर असल्याशिवाय काम पुढे सरकत नाही;

त्याअर्थी, आपणास हुकूम करण्यात येतो की, सदर कैद्यास मंगळवार, दि. 24 मार्च 2026 रोजी सकाळी 10.45 वाजता, पुरेशा पोलीस बंदोबस्तात, जिल्हा न्यायालय आवार, नाशिक येथे या न्यायालयासमोर हजर करावे. काम आटोपून न्यायालयाने परत नेण्यास मुभा देईपर्यंत त्यास न्यायालयात किंवा जवळच कैदेत ठेवावे, आणि नंतर आपल्या कारागृहात परत न्यावे.

कारणे

दि. 8 डिसेंबर 2025 व 12 जानेवारी 2026 या दोन्ही तारखांना आरोपी क्र. 2 गैरहजर होता. दुसऱ्या तारखेला त्याच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढण्यात आले. ते घेऊन सिडकोतील घरी गेलेल्या हवालदारास आरोपीच्या आईने, तो पुण्याच्या जेलमध्ये आहे असे सांगितले. कारागृहाकडून खात्री करून तसा अहवाल 16 फेब्रुवारी रोजी दाखल झाला. कोठडीतला माणूस आपण होऊन तारखेला येऊ शकत नाही. म्हणून ते अजामीनपात्र वॉरंट आज रद्द केले असून ते बजावू नये. या खटल्यात त्यास पूर्वी मिळालेला जामीन कायम आहे.

हजेरी व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेता आली असती. परंतु आरोपीचे वकील अद्याप त्याला भेटलेले नाहीत, आणि आरोप कबूल की नाकबूल याचे उत्तर देण्यापूर्वी त्यांना त्याच्याशी समोरासमोर बोलायचे आहे. ती मागणी रास्त वाटते.

सूचना

हे वॉरंट म्हणजे या खटल्यातील कोठडीचा आदेश नव्हे. त्याचा उपयोग कैद्याला ठरल्या दिवशी इथे आणण्यापुरताच आहे. शिक्षा संपल्यावर किंवा पुण्याच्या प्रकरणात अपिलात शिक्षेस स्थगिती मिळून त्याची सुटका होत असल्यास, केवळ हे वॉरंट फाइलला आहे म्हणून त्यास थांबवून ठेवू नये. त्याला 24 मार्चची तारीख समजावून सांगावी, तशी सही घ्यावी आणि या न्यायालयास कळवावे.

एकाच नावाचे कैदी असू शकतात म्हणून ओळखखूण देत आहोत : उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ‘आई’ असे गोंदलेले, त्यातले ‘ई’ अक्षर अर्धवट पुसट, डाव्या भुवईवर जुन्या टाक्यांचा व्रण. बाहेर काढण्यापूर्वी ही खूण व वडिलांचे नाव पडताळावे.

कैदी पार्टीची मागणी पोलीस मुख्यालयाकडे वेळेत करावी. पुण्याहून अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक असल्याने आदल्या दिवशी आणल्यास रात्री नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात ठेवावे. त्या अधीक्षकांना प्रत दिली आहे. बेड्या घालण्यास या न्यायालयाने परवानगी दिलेली नाही. तशी गरज वाटत असल्यास कारणांसह आधी अर्ज करावा.

कैदी आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे हलवण्यास योग्य नसेल, त्याला कारागृहाबाहेर न नेण्याचा शासनाचा आदेश लागू असेल किंवा कलम 304 मधील अन्य कारण असेल, तर वॉरंटची अंमलबजावणी न करता तसे कारणांसह लेखी कळवावे. आजारपण असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडावा. ‘पार्टी उपलब्ध नाही’ हे त्या कलमातले कारण नाही.

हे वॉरंट प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे असल्याने त्यावर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत नाही.

आज दि. 9 मार्च 2026 रोजी माझ्या सहीने व न्यायालयाच्या शिक्क्यानिशी दिले.

(सही)
न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग, नाशिक
(न्यायालयाचा गोल शिक्का)

प्रत :
अधीक्षक, नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह.
वरिष्ठ पोलीस निरीक्षक, मुंबई नाका पोलीस ठाणे — रद्द झालेले अजामीनपात्र वॉरंट न बजावता परत पाठवावे.
आरोपी क्र. 2 चे वकील.