चंद्राविषयी सगळं

रश्मी: सर, नमस्कार. आमच्या विज्ञान मंडळासाठी चंद्राविषयी सगळी माहिती हवी होती. जन्म, कला, ग्रहणं, भरती-ओहोटी, सगळ्या मोहिमा, जे असेल ते. तुमच्याकडे तयार टिपणं असतील तर तशीच पाठवा, मी बघून घेईन.

सर: टिपणं आहेत, पण तशीच पाठवली तर तुझे दोन दिवस वाचण्यातच जातील. आधी सांग, हे सगळं कुणाला द्यायचंय? वाचायला देणार आहेस की बोलणार आहेस?

रश्मी: बोलणार आहे. सहावी-सातवीची मुलं आहेत. गच्चीवर दुर्बीण लावून चंद्र दाखवायचाय, त्याआधी थोडी प्रस्तावना.

सर: ही प्रस्तावना कितपत मोठी धरली आहेस?

रश्मी: पाऊण तास? स्लाइड्स करीन म्हणते.

सर: चंद्र डोक्यावर, दुर्बीण समोर आणि मुलांना भिंतीवर स्लाइड्स! बरं, मुलं किती आणि दुर्बिणी किती?

रश्मी: मुलं चाळीस. दुर्बीण एकच, मंडळाची.

सर: म्हणजे एकेकाला अर्धा मिनिट दिलास तरी वीस मिनिटं रांग चालणार. शिवाय पृथ्वी फिरते म्हणून चंद्र नजरेसमोरून सरकत राहतो, दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा. म्हणजे दुर्बिणीपाशी एक माणूस कायम लागेल. तू बोलत असलीस तर तिथे कोण?

रश्मी: दुर्बिणीपाशी मीच. हे डोक्यातच आलं नव्हतं. मग बोलणं कधी करू?

सर: रांग सुरू व्हायच्या आधी, तीन-चार मिनिटं. त्याहून जास्त नको. आता मुख्य प्रश्न, तिथी कोणती?

रश्मी: शनिवार आहे.

सर: वार नाही गं, तिथी.

रश्मी: थांबा, बघते. शुद्ध अष्टमी. पौर्णिमेपर्यंत पुढे ढकलू का? पूर्ण चंद्र मिळेल.

सर: अजिबात नको. दुर्बिणीतून बघायला पौर्णिमेसारखा वाईट दिवस नाही. ऊन वरून सरळ पडतं, सावल्या नाहीत, सगळं सपाट दिसतं आणि डोळे दिपतात ते वेगळंच. अष्टमी उत्तम. सूर्य मावळताना चंद्र चांगला वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, घाई नाही. आता शेवटचं विचारतो: मुलं घरी गेल्यावर त्यांनी आईबाबांना काय सांगावं असं तुला वाटतं?

रश्मी: "मी चंद्रावरचे डोंगर बघितले." एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

सर: मग झालं तर. जन्म, ग्रहणं, भरती-ओहोटी सगळं बाजूला ठेव. मोहिमाही नकोत, फक्त मुलं हमखास विचारतील तेवढ्या. तुला लागतेय ती उजेड आणि अंधार यांमधली रेघ, बास. रात्री लिहून पाठवतो, तसंच वाच.

*(रात्री आलेला मजकूर)*

मुलांनो, दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी वर बघा. अर्धा चंद्र उजळलाय, अर्धा काळोखात आहे. दोन्हींच्या मध्ये एक रेघ आहे. आज आपण ती रेघ बघायला जमलोय.

त्या रेघेवर आत्ता सकाळ होतेय. तिथे उभं राहिलात तर सूर्य नुकताच क्षितिजावर आलेला दिसेल. सूर्य खाली असला की सावल्या लांब पडतात, हे तुम्हाला माहीत आहे. चंद्रावर तेच होतं. म्हणून रेघेजवळचा लहानसा उंचवटाही उठून दिसतो आणि रेघेपासून दूर, उजेडाच्या कडेला, मोठे डोंगरसुद्धा विरून जातात.

दुर्बिणीत आधी रेघ शोधा. ती सरळ दिसणार नाही, फाटलेल्या कागदाच्या कडेसारखी दिसेल. तिच्या लगत वर्तुळं दिसतील, ती विवरं. बाहेरून आलेले दगड आदळून झालेली. काही वर्तुळं अर्धी काळ्या शाईने भरल्यासारखी असतील. ती शाई म्हणजे काठाची सावली. मधली काही शंभर किलोमीटरहून रुंद आहेत.

मग रेघेच्या पलीकडे, अंधारात बघा. एखादा सुटा पांढरा ठिपका दिसला तर ओरडून सांगा. तो डोंगराचा माथा. पायथ्याशी अजून रात्र आहे, पण माथ्यावर ऊन पोचलंय. गॅलिलिओने १६०९ साली आपल्या दुर्बिणीतून असेच ठिपके पाहिले आणि ते रेघेपासून किती दूर आहेत यावरून डोंगरांची उंची काढली. तिथे कुणी गेलेलं नव्हतं, जायची सोयही नव्हती. आज रेघेजवळ एक डोंगररांग सापडेल, तिला ॲपेनाइन म्हणतात. तिची काही शिखरं पाच किलोमीटरच्या आसपास उंच आहेत.

उजळलेल्या भागात मोठे करडे डाग आहेत. त्यांना समुद्र म्हणतात, पण पाण्याचा थेंबही नाही. तो फार पूर्वी वाहून थिजलेला लाव्हा आहे. त्यांतल्याच एकावर, शांतिसागरावर, २० जुलै १९६९ रोजी माणूस उतरला.

ही रेघ स्थिर नसते. चंद्राच्या विषुववृत्तावर ती ताशी सुमारे पंधरा किलोमीटर सरकते. तुम्ही सायकल जरा जोरात मारलीत तर तिच्या बरोबरीने जाल. रांगेतल्या पहिल्याने पाहिलेला अंधारातला ठिपका शेवटच्याला थोडा मोठा दिसू शकतो. आता रांग लावा. दुर्बिणीला हात लावायचा नाही.

*(इथवर वाचून दाखव. खालचं तुझ्यासाठी.)*

"झेंडा दिसेल का?" हे पहिलं मूलच विचारेल. नाही दिसणार. आपल्या दुर्बिणीत काही किलोमीटरहून लहान वस्तू दिसत नाही. हबलसारख्या दुर्बिणीलाही झेंडा दिसत नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने मात्र जवळून त्या जागांचे फोटो काढले आहेत.

"चांद्रयान कुठे उतरलं?" चांद्रयान-३ उतरलं दक्षिण ध्रुवाकडच्या भागात, २३ ऑगस्ट २०२३ ला. त्या दिवशीही चंद्र जवळपास अर्धाच होता, कारण तिथे नुकतीच सकाळ हवी होती. सौर पॅनेलांना पूर्ण चांद्रदिवस, म्हणजे आपले सुमारे चौदा दिवस, ऊन मिळावं म्हणून. हे उत्तर त्यांना रेघेशी जोडून दे, आवडेल.

डावं-उजवं, वर-खाली सांगू नकोस. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, मुलं गोंधळतील. "रेघेजवळ", "अंधाराच्या बाजूला" असंच म्हण. आणि सुरुवातीला कमी वर्धनाचा आयपीस लाव, पूर्ण चंद्र एकदम मावेल असा.

रश्मी: सर, मोठ्याने वाचून बघितलं. सावकाश वाचूनही चार मिनिटांच्या आत बसतंय. स्लाइड्स रद्द. एकच विचारते, ढग आले तर रविवारी हेच चालेल?

सर: रविवारी चालेल. सोमवारवर गेलं तर मला कळव, रेघ पुढे सरकलेली असेल, ॲपेनाइन तेवढं उठावदार राहणार नाही. मग ते वाक्य काढून कोपर्निकस घालू. ९३ किलोमीटरचं विवर आहे, दशमीच्या सुमारास फार छान दिसतं.