अपघात चौकशी अहवाल : पैजारवाडीच्या पुढच्या वळणावर दहाचाकी मालट्रक उलटला

प्रति : मालक व विमा प्रतिनिधी
सादर करणार : ट्रॅफिक सुपरवायझर, कोल्हापूर कार्यालय
घटना : गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर २०२५, पहाटे ५.४० च्या सुमारास
मार्ग : शिरोली एमआयडीसी ते रत्नागिरी

गाडी बुधवारी रात्री शिरोलीतल्या फौंड्रीतून भरून निघाली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर पैजारवाडी मागे टाकून बांबवड्याच्या दिशेने जाताना, रुंदीकरणासाठी काढलेल्या वळणरस्त्यावर, उजव्या हाताच्या वळणात ती डाव्या कुशीवर उलटली. चालकाच्या डाव्या खांद्याचे हाड मोडले आहे. त्याला सीपीआरमध्ये दाखल केले होते, आता घरी आहे. क्लीनरला किरकोळ खरचटले. दुसऱ्या कुठल्याही वाहनाला धक्का लागलेला नाही. रस्त्यावर सांडलेले डिझेल माती टाकून झाकले. क्रेन कोल्हापूरहून येईपर्यंत वाहतूक एकाच बाजूने सोडावी लागली. पोलिसांत नोंद झालेली आहे. मी सकाळी ८ वाजता जागेवर पोहोचलो. गाडी तोपर्यंत उचललेली नव्हती, म्हणूनच पुढच्या बऱ्याच गोष्टी पाहता आल्या.

माल

पंपाचे बीडाचे केसिंग, फेटलिंग झालेले, गंजू नये म्हणून तेल मारलेले. माल लोखंडी बिनमध्ये होता. बिन १८, प्रत्येक सुमारे एक मीटर लांब-रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच. काट्याची पावती माझ्याकडे आहे : भरलेली गाडी २६,३४० किलो, रिकामी ९,८२०, म्हणजे माल १६,५२० किलो. तीन आसांच्या गाडीला २८,५०० किलोपर्यंत परवानगी आहे. तेव्हा 'ओव्हरलोड होती' हे जे जागेवर जमलेले लोक म्हणत होते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसातही ऐकू आले, त्यात तथ्य नाही. वजन बसत होते. ते कुठे आणि कसे ठेवले होते, हा खरा प्रश्न आहे.

खाली १० बिन, दोन-दोनच्या पाच ओळींत. वर ८. हौद्याची आतली रुंदी सुमारे २.३ मीटर आणि दोन बिनांची मिळून २ मीटर, म्हणजे आडव्या अंगाला वीतभरापेक्षा जास्त जागा मोकळी. त्या जागेत काहीच ठोकलेले नव्हते, ना लाकडी ठोकळा ना रिकामे पॅलेट.

याहून मोठी गोष्ट वरच्या बिनांची. खालचे दहा बिन नव्या घडणीचे आहेत. त्यांच्या चारही कोपऱ्यांवर वाट्या आहेत, वरच्या बिनचे पाय त्यांत बसावेत म्हणून. वरचे आठ बिन मात्र जुने, खाली सपाट पट्ट्या असलेले. त्या पट्ट्या वाट्यांत बसतच नाहीत, नुसत्या काठावर टेकतात. वरून पाहणाऱ्याला थप्पी अगदी सरळ दिसते. फोर्कलिफ्टवाल्याने ती सरळच लावली होती, त्यात शंका नाही. पण तेल लागलेल्या लोखंडावर लोखंड, आणि मध्ये काही नाही.

बांधणी

गाडीवर फक्त एक ताडपत्री आणि एक नायलॉनचा दोर होता. दोर हौद्याच्या बाहेरच्या हुकांतून आडवा-तिरपा ओढून ताडपत्रीवरून घेतलेला होता. रॅचेट बेल्ट नाही, साखळी नाही. गाडीच्या टूलबॉक्समध्ये दोन बेल्ट गुंडाळून ठेवलेले सापडले, त्यांतल्या एकाचा रॅचेट गंजून बसला होता.

आपल्याकडे ताडपत्री बांधली की माल बांधला, असे धरायची सवय पडली आहे. साखर, पेंड, सिमेंट यांच्या पोत्यांवर ते बऱ्याचदा खपून जाते, कारण पोती एकमेकांत दबून बसतात. बीडाच्या बाबतीत खपत नाही. उलटलेल्या गाडीचा दोर मी स्वतः तपासला. एकही गाठ सुटलेली नव्हती, एकही पीळ तुटलेला नव्हता. सात टनांचा माल हलला आणि दोराला त्याचा ताणच आला नाही. मालाला धरायचे काम त्याच्याकडे कधी नव्हतेच, त्याने कापड धरून ठेवले, इतकेच.

बिल्टीवर 'माल सुस्थितीत व व्यवस्थित बांधलेला मिळाला' हे वाक्य छापूनच येते आणि त्याखाली चालकाची सही आहे. भरताना आपला लोडिंग क्लार्क तिथे नव्हता, तो त्या वेळी गोकुळ शिरगावला दुसरी गाडी भरत होता. ताडपत्री चढवल्यावर चालकाला गाडी ताब्यात मिळाली.

चालकाचे म्हणणे

शनिवारी घरी जाऊन जबाब घेतला. त्याच्याच शब्दांत ठेवला आहे, कारण काही गोष्टी त्याने फार नेमक्या सांगितल्या :

"गाडी भरत्याली तवा मी कॅबिनमधी झोपलो हुतो. सकाळच्या आत रत्नागिरी गाठायची हुती. उठवलं तवा ताडपत्री पडल्याली. मी भवतीनं फिरून दोर ओढून बघितला. तंग हुता. वाघबीळच्या चढाला मागनं खडाक करून आवाज आला, एकच. मला वाटलं फाळक्याची साखळी वाजली आसंल. वर आल्यावर च्याला थांबलो. क्लीनरला म्हटलं, बघ जरा. त्यो बॅटरी घेऊन फिरून आला, म्हणाला दोर हाय तसाच हाय. टायर बघितलं आन् निघालो.

"वळणाला गिअर तिसरा हुता. पळवत नव्हतो साहेब, तीस-पस्तीसच्या वर काटा नसंल. स्टेअरिंग उजवीकडं घेतलं आन् मागं घसरल्यासारखं झालं. आवाज नव्हं, आदी कमरंला कळलं. आन् मग डाव्या फाळक्यावर जो दणका बसला, तवा गाडी निम्मी उचललीच. म्या स्टेअरिंग सोडून द्याला बघितलं, डावीकडं घ्याला बघितलं, पर ती ऐकायच्या पलीकडं गेल्ती. ब्रेक मारला न्हाई. मारला असता तर काय झालं असतं मला म्हाईत न्हाई."

क्लीनरचे म्हणणे याला जुळते. जीपीएसवर वळणाच्या तोंडाशी ताशी ३४ किलोमीटर वेग दिसतो, म्हणजे वेगाबाबत चालक खरे बोलतो आहे. वाघबीळला आवाज आला, हेही मला पटते. तिथेच वरचा एखादा बिन पहिल्यांदा सरकला असावा. त्यानंतर चालक थांबला आणि जे दिसत होते ते तपासले. ताडपत्रीखालचे दिसायची सोय नव्हती.

जागेवर काय दिसले

खालच्या बिनांच्या काठांवर चकचकीत ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने : उजवीकडून डावीकडे, किंचित मागच्या अंगाला तिरपे. ओरखड्यांच्या डाव्या टोकाला तेल आणि लोखंडाचा चुरा साचून काळी रेघ झाली होती. म्हणजे वरचे बिन उलटताना पडले नाहीत, गाडी उभी असतानाच घासत गेले. डावा फाळका वरच्या काठाशी बाहेर वाकला आहे आणि मधल्या दोन बिजागऱ्या आतून ढकलल्यासारख्या उघडल्या आहेत. रस्त्यावर ब्रेकचा मार्क नाही. फक्त डाव्या बाहेरच्या टायरांची खरवड आहे, ती गाडी त्या चाकांवर तोलली गेली तेव्हाची.

वळणाची त्रिज्या मोजायला २० मीटरची दोरी ताणली. मध्याशी दोरी आणि कड यांतले अंतर सव्वा मीटर भरले, म्हणजे त्रिज्या सुमारे ४० मीटर. वळणरस्ता तात्पुरता असल्याने त्याला आतल्या बाजूला ढाळ दिलेला नाही. डावी कड उलट थोडी खचलेली आहे.

३४ च्या वेगाने ४० मीटरच्या वळणात मालाला बाहेर ओढणारा जोर त्याच्या वजनाच्या २३ टक्क्यांच्या आसपास येतो. वरच्या आठ बिनांचे वजन ७.३ टन धरले, तर हा जोर पावणेदोन टनांच्या जवळ जातो. तेलकट लोखंडावर लोखंडाची पकड वजनाच्या १० ते २० टक्केच असते. म्हणून बिन सरकले. बांधलेला माल असता तर एवढ्या जोराने दहाचाकी सहसा उलटत नाही, तिला साधारण ३५-४० टक्क्यांपर्यंत जावे लागते. सात टन एकदम वीतभर सरकून फाळक्यावर आदळले, तेव्हा ही मधली शिल्लक संपली.

वळणाआधी ताशी २० चा फलक आहे आणि तो मला दिसला. २० च्या वेगाने हाच जोर ८ टक्क्यांवर आला असता आणि बिन जागचे हलले नसते. चालकाचा वाटा आहे तो एवढा, आणि तो मी लपवत नाही. पण अर्धा तास तिथे उभा राहिलो, तेवढ्यात फलकाप्रमाणे चालवणारी एकही गाडी गेली नाही. आणि पुढे आंबा घाट होता. ही गाडी इथे वाचली असती तर त्या उतारावर हाच माल याच अवस्थेत गेला असता. मी तो विचार फार वेळ करत नाही.

पुढे काय करायचे

'प्रत्येक गाडीला चार बेल्ट द्या' हा उपाय मालकांनी फोनवर सुचवला. नुसत्या त्याने भागणार नाही. ५० मिलिमीटरच्या बेल्टवर २,५०० किलोचा आकडा असतो, तो सरळ ओढीचा. मालावरून आडवा टाकून हाताने रॅचेट आवळला, तर बेल्टात ताण येतो साडेतीनशे किलोच्या घरात. तो माल खाली दाबतो आणि दाबाच्या २० टक्केच पकड वाढते, म्हणजे दोन्ही बाजू धरून बेल्टामागे १४० किलो. युरोपातल्या ईएन १२१९५-१ या मानकात आडव्या अंगाला वजनाच्या निम्मा जोर धरतात. त्या हिशेबाने या आठ बिनांना सोळा बेल्ट लागले असते. सोळा बेल्ट कोणी बांधणार नाही.

थरांमध्ये आणि हौद्याच्या तळाला रबरी मॅट टाकली तर पकड ६० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तेच काम मोजक्या बेल्टांत होते. मॅट तेलकट झाली की बदलावी लागेल. बाजूची मोकळी जागा लाकडाने ठोकून बंद करायची. आणि सपाट पायांचा बिन वरच्या थराला घ्यायचाच नाही. फौंड्रीने हे तोंडी मान्य केले आहे, मला ते पत्रावर हवे आहे. सगळ्यात स्वस्त उपाय हा बिनांचाच आहे.

ताडपत्री पडण्याआधी चालकाने हौद्यात चढून माल पाहिल्याशिवाय बिल्टीवर सही करायची नाही. बिल्टीवरचे छापील वाक्य काढून तिथे बेल्ट किती, मॅट आहे का, ठोकळे आहेत का, हे हाताने लिहायचे रकाने घालावेत. नमुना सोबत जोडला आहे.

१८ पैकी ११ बिनांतले केसिंग फौंड्रीने तपासणीसाठी परत नेले. बाकीचा माल फुटला असून तो पुन्हा भट्टीत जाईल, फरकाचा दावा विम्याकडे. गाडीची केबिन आणि डावा फाळका बदलावा लागेल, चॅसिसची मोजणी बाकी आहे. चालकाच्या पगारातून नुकसानीची कपात करू नये, अशी माझी शिफारस आहे. त्याच फौंड्रीचा माल घेऊन शुक्रवारी निघणारी दुसरी गाडी मी थांबवून ठेवली आहे. तिच्यावरही वरचा थर जुन्या बिनांचाच आहे.