बिल क्र. २१८७ : ड्रॉवर चॅनलच्या ८६ जोड्या कमी आल्याबाबत

प्रति,
विक्री व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार,

आमच्या खरेदी ऑर्डर क्र. ४६३ चा माल आज, १२ जूनला सकाळी गोदामात उतरवून घेतला. आपल्या बिलावर आणि चलनावर ४८ खोकी, म्हणजे ९६० जोड्या आहेत. प्रत्यक्षात ४४ खोकी उतरली. शिवाय एका खोक्यात माल अपुरा निघाला, त्यामुळे हाती ८७४ जोड्याच आल्या.

चारपैकी तीन पॅलेटवर ठरल्याप्रमाणे १२-१२ खोकी होती. पॅलेट क्र. ३ वर, म्हणजे १८ इंची चॅनलच्या पॅलेटवर, ८ च निघाली. वरचा थर नव्हताच. तिथे ८० जोड्या कमी पडल्या. पॅलेट क्र. ४ मधले २२ इंची चॅनलचे एक खोके उचलताना हलके लागले म्हणून ते वजन करून उघडले. आत २० ऐवजी १४ जोड्या होत्या.

हा माल वाटेत गेला असे आम्हाला वाटत नाही. गाडीचे सील शाबूत होते आणि त्याचा क्रमांक चलनावरच्या क्रमांकाशी जुळला. पॅलेट क्र. ३ ची प्लॅस्टिकची गुंडाळी कुठेही फाटलेली नव्हती आणि ती आठ खोक्यांच्या उंचीलाच घट्ट बसली होती. हलक्या खोक्यावर आपल्या कारखान्याची टेप जशीच्या तशी होती. तेव्हा वाहतूकदाराकडे दावा लावण्याआधी आपल्याकडची पॅकिंग स्लिप आणि माल भरतानाची नोंद एकदा तपासावी. चार खोकी तिथेच राहिली असण्याची शक्यता जास्त दिसते. ड्रायव्हरचे म्हणणे असे की माल भरताना त्याला मोजू दिले नाही, फक्त कागदावर सही घेतली. खरे-खोटे आपणच पाहावे.

चलनाच्या दोन्ही प्रतींवर कमी मालाचा शेरा मारून ड्रायव्हरची सही घेतली आहे. ती प्रत, सीलचे आणि पॅलेटचे गुंडाळी काढण्यापूर्वीचे फोटो आणि वजनकाट्याची पावती सोबत जोडली आहे.

आमची विनंती अशी : १८ इंचीच्या ८० जोड्या २० जूनपर्यंत पाठवाव्यात, कारण त्या एका चालू कामासाठी लागणार आहेत. हे भाडे आपल्याकडे राहील. २२ इंचीच्या ६ जोड्यांसाठी वेगळी गाडी परवडणार नाही, त्यांची क्रेडिट नोट द्यावी. २० तारखेपर्यंत ८० जोड्या देणे जमत नसेल तर तसे लगेच कळवावे. मग सर्व ८६ जोड्यांची क्रेडिट नोट घेऊन आम्ही माल दुसरीकडून उचलू. क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा क्रमांक असावा आणि रक्कम करासह धरावी.

मिळालेल्या ८७४ जोड्यांचे पैसे ठरल्या मुदतीत मिळतील. उरलेली रक्कम माल किंवा क्रेडिट नोट येईपर्यंत रोखून ठेवत आहोत.

पॅलेट क्र. ३ ची खोकी आणि ते उघडलेले खोके सोमवार, १६ जूनपर्यंत बाजूला ठेवले आहे. कोणी पाहायला येणार असेल तर त्याआधी यावे, नंतर माल वापरात घेऊ. यापैकी काय करणार, ते उद्या संध्याकाळपर्यंत याच मेलवर कळवावे.

आपला,
गोदाम व्यवस्थापक
(प्रत : लेखा विभाग, खरेदी विभाग)