मेथोट्रेक्सेट: फक्त मंगळवारी, चार गोळ्या
(सांधेवाताच्या वयस्कर रुग्णांसाठी डोसचं माहितीपत्रक)

हे पत्रक अमळनेरच्या आमच्या दवाखान्यात सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केलेल्या, वयाची ६० वर्षं ओलांडलेल्या रुग्णांसाठी आहे. खोक्यात येणारं कंपनीचं इंग्रजी पत्रक बारीक अक्षरातलं असतं. त्यातला डोसचा भाग इथे मराठीत उतरवला आहे. दवाखान्यातला फार्मासिस्ट म्हणून मी तो लिहिला आणि डॉक्टरांनी तपासला. चष्मा जवळ नसेल तर मुलाला, सुनेला किंवा नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. वाचणाऱ्यानं घाई करू नये, आणि वाचून झाल्यावर आजी-आजोबांकडून एकदा वदवून घ्यावं: कोणत्या वारी, किती गोळ्या.

गोळी कधी आणि किती

मंगळवारी रात्री, जेवण झाल्यावर: मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. चारही एकाच वेळी, पाण्याबरोबर, अख्ख्या गिळायच्या.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार: मेथोट्रेक्सेटची एकही गोळी नाही.

शुक्रवारी रात्री, जेवण झाल्यावर: फॉलिक ॲसिड पाच मिलिग्रॅमची एक गोळी.

लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून आमच्या सगळ्या रुग्णांना एकच वार दिला आहे. मेथोट्रेक्सेटचा म, मंगळवारचा म. तुमच्या गावचा बाजार कोणत्याही वारी भरत असो, गोळीचा वार बदलायचा नाही.

चार गोळ्या म्हणजे सकाळी दोन आणि रात्री दोन असं नाही. मंगळवारी एक, बुधवारी एक अशा चार दिवसांत वाटायच्याही नाहीत. मंगळवारी रात्री जेवण उरकलं, हात धुतले, की चारही गोळ्या घ्यायच्या आणि पुढच्या मंगळवारपर्यंत ते पाकीट विसरायचं.

डोसचे आकडे मी मुद्दाम अक्षरांत लिहिले आहेत. मराठी १ आणि इंग्रजी नऊ दिसायला सारखेच असतात, आणि २.५ मधला टिंब पुसट छापला गेला की पंचवीस वाचलं जातं. तसंच, आपल्याकडे आठवडा म्हणायचा तर "आठ दिवसांनी" म्हणतात. बोटांवर आठ दिवस मोजले तर मंगळवारची गोळी बुधवारी जाते, पुढच्या वेळी गुरुवारी, आणि दोन महिन्यांत कोणालाच वार सांगता येत नाही. म्हणून दिवस मोजू नका, वार बघा.

रोज घेतली तर काय होतं

हा भाग घरातल्या प्रत्येकानं वाचावा. मी दुकानात उभा राहून सगळ्यात जास्त वेळ यावरच बोलतो.

बी.पी.ची गोळी रोज असते, साखरेची रोज असते. त्यामुळे हात सवयीनं याही गोळीकडे जातो. ही गोळी रोजची नाही. मेथोट्रेक्सेट शरीरात नव्या पेशी तयार होण्याचा वेग कमी करतं. आठवड्यातून एकदा, थोड्या मात्रेत घेतलं तर सांध्यांची सूज त्यामुळे आवरते. रोज घेतलं तर हाडांच्या मगजात रक्त तयार होणं मंदावतं, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या आवरणाला जखमा होतात, साध्या जंतूशी लढायची ताकद राहत नाही. यात जीव जाऊ शकतो. वयानुसार मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असतं आणि हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं, म्हणून वयस्कर माणसाला धोका अधिक.

चुकून दोन दिवस लागोपाठ घेतली, किंवा मंगळवारी चारपेक्षा जास्त गेल्या, तर बरं वाटत असलं तरी घरी थांबू नका. त्रास काही दिवसांनी सुरू होतो, उपचार मात्र लवकर सुरू झाला तरच नीट लागू पडतो. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, मोठ्या रुग्णालयात जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करा. सोबत गोळ्यांची स्ट्रिप आणि हे पत्रक न्या, आणि पोचल्याबरोबर एवढंच सांगा: "मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची होती, जास्त घेतली गेली." याच्यावर फॉलिनिक ॲसिड नावाचं वेगळं औषध रुग्णालयात देतात. घरातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जास्त खाऊन ते काम होत नाही.

मंगळवारी राहून गेली तर

बुधवारी किंवा गुरुवारी आठवण झाली तर त्या रात्री चार गोळ्या घ्या. पुढचा डोस मात्र नेहमीसारखा मंगळवारीच.

शुक्रवार उजाडला तर या आठवड्याची गोळी सोडून द्या. येत्या मंगळवारी चारच घ्यायच्या. राहिलेल्या चार आणि त्या दिवसाच्या चार अशा आठ कधीही घ्यायच्या नाहीत. एक आठवडा चुकल्यानं सांधे थोडे दुखतील, बाकी काही बिघडत नाही.

घेतली की नाही हेच आठवत नसेल तर घेऊ नका. आधी कॅलेंडर आणि पुडी बघा. आम्ही चार मंगळवारांच्या चार पुड्या देतो, प्रत्येकीत स्ट्रिपचा कापलेला चार गोळ्यांचा तुकडा आणि वर तारीख. गोळी घेतल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या मंगळवारभोवती पेनानं गोल करायचा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. दोघांकडे दिलं की एकानं दिलेली गोळी दुसरा पुन्हा देतो. पुडी रिकामी असेल तर कॅलेंडरात गोल नसला तरी गोळी घेतली गेली असंच धरा.

"महिन्याच्या गोळ्या" मागू नका. कधी महिन्यात पाच मंगळवार येतात आणि हिशेब चुकतो. चार मंगळवारांच्या सोळा गोळ्या, एवढंच एका वेळी मिळेल.

मंगळवारी उपवास असेल तर

पुष्कळ घरांत मंगळवारचा उपवास असतो. रात्री सोडत असाल तर उपवास सोडल्यावर गोळी घ्या. दुसऱ्या दिवशी सोडणार असाल तर रात्रीच्या फराळानंतर घ्या. उपवासाला औषध चालतं. अगदीच मन घेत नसेल तर आम्हाला सांगा, तुमचा वार बदलून नवीन चिठ्ठी देऊ. मनानं वार बदलू नका, आणि गोळी बंदही करू नका.

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणार असाल तर त्या मंगळवारची पुडी सोबत बांधून घ्या, पण निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. खानदेशचा उन्हाळा आणि हे औषध यांचं जमत नाही: घामानं अंगातलं पाणी आटलं की औषध बाहेर पडायला वेळ लागतो. एप्रिल-मे मध्ये पाणी, ताक जास्त घ्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचारा.

जुलाब, उलट्या किंवा ताप असेल, त्या मंगळवारी गोळी घेऊ नका. आधी फोन करा. फोन नंबर तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे.

पुढचा मंगळवार न धरता लगेच या

ताप, घसा खूप दुखणं, तोंडात फोड येऊन भाकरी तिखट लागणं, नवीन कोरडा खोकला, चालताना आधी लागत नव्हता असा दम, डोळे पिवळे होणं, न लागता अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच. यातलं एकही दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी या. खोकला हवेचा असेल, फोड उष्णतेचे असतील, असं घरच्या घरी ठरवू नका.

बुधवारी थोडी मळमळ, थकवा वाटू शकतो. एवढ्यासाठी गोळी बंद करायची नाही, पुढच्या भेटीत सांगा.

दुसरी औषधं

लघवीच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल किंवा ट्रायमेथोप्रिम हे औषध मेथोट्रेक्सेटबरोबर घ्यायचं नाही. गावातल्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर बसल्याबरोबर सांगा, "मी मेथोट्रेक्सेट घेतो." मेडिकलवरून दुखण्याची गोळी न विचारता घेऊ नका. कोणतीही लस घेण्याआधी विचारा. दारू बंद: देशी, विदेशी, मोहाची, सगळी. दोन्हींचा भार यकृतावर पडतो.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी "काहीच फरक नाही" असं वाटेल. तेव्हा वाढवून घेण्याचा मोह होतो, आणि शेजारीपाजारी सल्लाही देतात. फरक नाही म्हणून एक गोळीसुद्धा वाढवू नका. तुमची गोळी त्यांना आणि त्यांची तुम्हाला, हेही नको.

घरात कोणी बाई गरोदर असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तिनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये. पोटातल्या बाळाला हे औषध घातक आहे. पुड्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, बी.पी.-साखरेच्या डब्यापासून वेगळ्या ठेवा.

स्ट्रिप बदलली तर

हीच गोळी पाच, साडेसात आणि दहा मिलिग्रॅममध्येही मिळते. दहाच्या चार घेतल्या तर एका रात्रीत चाळीस होतात, तुमच्या डोसच्या चौपट. दुसऱ्या दुकानातून आणावी लागली, किंवा गोळीचा रंग-आकार वेगळा दिसला, तर घेण्याआधी दुकानदाराला विचारा: "ही अडीचची आहे का?" उत्तर नाही असेल, किंवा तो अडखळला, तर त्या मंगळवारी गोळी न घेता बुधवारी आमच्याकडे या. वर लिहिल्याप्रमाणे गुरुवार रात्रीपर्यंत वेळ आहे.

रक्ततपासणी

पहिल्या चार तपासण्या एक सोडून एक सोमवारी, म्हणजे गोळीच्या आदल्या दिवशी. त्यानंतरची तारीख डॉक्टर फाइलवर लिहून देतील. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची ही तपासणी आहे. काही त्रास नसला तरी ती चुकवू नका, कारण पेशी कमी होत असताना सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही. तपासणीचा निकाल बघितल्याशिवाय पुढच्या चार पुड्या मी देणार नाही. येताना रिकाम्या पुड्या, उरलेल्या गोळ्या असल्या तर त्या, आणि कॅलेंडरचं ते पान घेऊन या.