जन्म दाखल्यातील आडनावाच्या दुरुस्तीसाठी अर्ज

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
मा. निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग,
नगरपरिषद कार्यालय

अर्जदार : सौ. स्वाती अमोल मुळे, कोथरूड, पुणे ४११०३८

विषय : कु. गार्गी अमोल मुळे हिच्या जन्म दाखल्यात आडनाव ‘मुले’ असे छापले गेल्याबाबत.
संदर्भ : नोंदणी क्र. ४१२/२०१९, नोंदणी दिनांक २६ ऑगस्ट २०१९

महोदय,

माझे बाळंतपण माहेरी झाले. माझी मुलगी गार्गी हिचा जन्म १७ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्या हद्दीतील रुग्णालयात झाला असून त्याची नोंद आपल्याकडे आहे. त्या वेळी मिळालेल्या दाखल्यावर बाळाच्या आणि वडिलांच्या नावापुढे ‘मुळे’ऐवजी ‘मुले’ असे आले आहे. बाकी सर्व तपशील बरोबर आहे. इंग्रजीत दोन्ही आडनावे MULE अशीच लिहिली जात असल्याने आमच्याही हे लवकर लक्षात आले नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

यंदा तिचे नाव पहिलीला घालताना शाळेतील लिपिकांनी ही चूक दाखवली. जनरल रजिस्टरला दाखल्याप्रमाणेच नाव चढते आणि पुढे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र सगळे त्यावरूनच निघते. वडील मुळे आणि लेक मुले, असे एकदा कागदावर आले की निस्तरणे अवघड. शाळेने दुरुस्त दाखला आणून देण्यासाठी १० जूनपर्यंत मुदत दिली आहे.

रुग्णालयाने पाठवलेला जन्म अहवाल आणि आपली मूळ नोंदवही कृपया एकदा पडताळून पाहावी. तिथे ‘ळ’ असल्यास चूक केवळ दाखला टंकित करतानाची ठरेल आणि नवीन प्रत दिल्यास काम होईल. नोंदवहीतच ‘ल’ पडला असल्यास जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती करावी व त्याप्रमाणे दाखला द्यावा, ही विनंती. हा नावातील बदल नाही, लेखनातील चूक आहे. म्हणून राजपत्राची प्रत जोडलेली नाही. प्रतिज्ञापत्र लागत असल्यास लगेच करून देईन.

सोबत मूळ जन्म दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, आम्हा दोघांच्या आधार कार्डांच्या आणि पतींच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली आहे. शेवटच्या कागदावर ‘मुळे’ हे आडनाव १९९४ पासून आहे.

पुण्याहून वारंवार येणे जमत नाही, त्यामुळे दाखला तयार झाल्यावर माझे वडील श्री. दिनकर पाठक येऊन घेतील. त्यांच्या नावाचे अधिकारपत्र सोबत आहे. दुरुस्तीचे व प्रतींचे जे शुल्क असेल ते तेच भरतील; तीन प्रती द्याव्यात. अर्जाची पोच मिळावी.

आपली विश्वासू,
(सही)
सौ. स्वाती अमोल मुळे