विषय: डेस्क क्र. १४, मंथली प्लॅन ३० सप्टेंबरपासून बंद करण्याची नोटीस

स्नेहल मॅडम, नमस्कार.

कोथरूड सेंटरमधल्या डेस्क १४ चा माझा मंथली प्लॅन ३० सप्टेंबर २०२५ ला बंद करायचा आहे. करारात ३० दिवसांची लेखी नोटीस आहे. गणपती झाल्यावर कळवलं असतं तर ते दिवस भरले नसते, म्हणून आजच, २८ ऑगस्टला, हा मेल करतेय. आजची तारीख धरून नोटीस मिळाल्याचं कृपया रिप्लायमध्ये कळवा.

सप्टेंबरचं बिल (६,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ७,६७०) नेहमीप्रमाणे वेळेवर भरेन. ते डिपॉझिटमधून वळतं करू नका. ऑक्टोबरचं बिल मात्र निघू नये. ऑटो-डेबिट मी माझ्या बाजूने बंद करतेच आहे, तुमच्या सिस्टिममध्येही तशी नोंद करा.

डिपॉझिटचे १३,००० रुपये, ज्या खात्यातून दर महिन्याला पैसे येतात त्याच खात्यात एनईएफटीने पाठवा. करारात त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. काही कापायचं असेल तर ते आधी समोरासमोर ठरवू. सोमवारी, २९ तारखेला, दुपारी चारला डेस्क, खुर्ची आणि लॉकर एकदा सोबत बघून घेऊ या का? टेबलाच्या उजव्या कडेचं सनमायका मी येण्याआधीपासूनच उखडलेलं आहे. जॉइनिंगच्या वेळी तुम्हाला पाठवलेला फोटो या मेललाही जोडलाय. अ‍ॅक्सेस कार्ड आणि लॉकरची किल्ली ३० तारखेला संध्याकाळी रिसेप्शनवर देईन, त्याची पोच हवी.

एक गोष्ट जरा जपून करावी लागेल. माझ्या जीएसटी नोंदणीवर तुमच्याच सेंटरचा पत्ता आहे. जागा बदलल्यापासून १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, तो मी १ ऑक्टोबरलाच करणार आहे. मंजुरी येईपर्यंत माझ्या नावाने एखादं पत्र किंवा कुरिअर आलं तर परत पाठवू नका, फोन करा. मी त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन.

प्लॅन बंद करण्याचं कारण घरचं आहे. आई साताऱ्याहून कायमची आमच्याकडे आलीय, दिवसा कुणीतरी तिच्याजवळ हवं, म्हणून घरातल्याच एका खोलीत काम मांडतेय. तुमच्या जागेबद्दल तक्रार काहीच नाही. गुरुवारी आमच्या भागातली वीज गेली की तुमच्याकडे हक्काने बसता यायचं, क्लायंटचा कॉल कधी मधेच तुटला नाही. आणि मार्चअखेरीस मी उशिरापर्यंत बसायचे तेव्हा सुनीतामावशी पॅन्ट्री बंद करण्याआधी न विसरता माझ्यासाठी चहा काढून ठेवायच्या. त्यांना मी स्वतः भेटून सांगणारच आहे, तोवर तुम्ही सांगू नका.

पुढे मीटिंग रूम तासावर लागली तर तुमच्याकडेच येईन. जुन्या मेंबरसाठी वेगळा दर असेल तर कळवून ठेवा.

आपली,
अनघा
डेस्क क्र. १४