विषय: सोमवार, १ जून २०२६ रोजी रुजू होण्याबाबत – वेळ, कागदपत्रे व पहिल्या दिवसाचे वेळापत्रक

प्रिय स्नेहल पवार यांस,
सप्रेम नमस्कार.

गुणवत्ता विभागातील ‘कनिष्ठ तपासणी अधिकारी’ या पदासाठीचे आपले स्वीकृतीपत्र मिळाले. आपण सोमवार, १ जून २०२६ रोजी सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात उपस्थित राहावे.

आपण जुळे सोलापुरात मामांकडे उतरणार असल्याचे मुलाखतीत सांगितले होते. तेथून शांती चौकमार्गे यावयाचे असून सोमवारी सकाळी शहरातून बाहेर पडण्यास वेळ लागतो, त्यामुळे साडेआठपूर्वी निघालेले बरे. कारखान्याला दोन फाटके आहेत. पहिल्या फाटकातून सुताच्या गाड्या आत येतात व तेथील पहारेकरी कोणालाही पायी आत सोडत नाहीत. आपण त्यापुढच्या निळ्या फाटकाशी यावे. तेथील नोंदवहीत आपले नाव आधीच लिहिलेले असेल.

कागदपत्रांपैकी दहावी, बारावी व वस्त्रनिर्माण पदविकेच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला धनादेश, आधीच्या नोकरीचे कार्यमुक्ती पत्र, मागील तीन महिन्यांच्या पगारपत्रिका आणि पासपोर्ट आकाराची चार छायाचित्रे आणावीत. मूळ प्रती पडताळून त्याच दिवशी परत दिल्या जातील. प्रत्येकीची एक स्वसाक्षांकित छायाप्रत मात्र आमच्याकडे राहील.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. आपण पाठवलेल्या प्रतींमध्ये आधारवर ‘स्नेहल दत्तात्रय पवार’ आणि पॅनवर ‘स्नेहल डी पवार’ असे नाव आहे. दिसायला फरक किरकोळ असला, तरी भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नाव, जन्मतारीख व आधार यांचा मेळ बसला नाही, की पुढे रक्कम काढताना किंवा खाते वर्ग करताना अर्ज अडकतो आणि मग त्यामागे महिनोन्‌महिने फिरावे लागते. म्हणून पॅनमधील दुरुस्तीचा अर्ज शक्य तर याच आठवड्यात करून त्याची पोचपावती सोबत आणावी. आधीच्या नोकरीतील यूएएन क्रमांकही लिहून आणावा. तो फॉर्म ११ मध्ये भरावयाचा आहे. नवा क्रमांक काढावयाचा नाही. नामनिर्देशनासाठी आई किंवा वडिलांच्या आधारची छायाप्रत लागेल.

आल्यावर प्रथम मनुष्यबळ विभागात माझ्याकडे यावे. साडेनऊ ते अकरा कागदपत्रांची पडताळणी, अर्जांवर सह्या आणि ओळखपत्रासाठी छायाचित्र एवढे काम होईल. अकरा वाजता सुरक्षा अधिकारी श्री. जाधव आपल्याला यंत्रांजवळ वावरण्याचे नियम समजावतील. पायात बंद बूट असावेत, केस बांधलेले असावेत आणि ओढणी किंवा सैल बांगड्या नसाव्यात. मागांच्या खात्यात या नियमाला अपवाद नाही. कानात घालायचे बोळे तेथेच मिळतील.

साडेअकरा वाजता आपले विभागप्रमुख श्री. बिराजदार यांची भेट ठरली आहे. ते मितभाषी आहेत, पण कामातली शंका विचारलेली त्यांना आवडते. त्यांच्यासोबत आपण सूत गोदामापासून विणकाम, रंगाई व शिवणापर्यंत सर्व खाती पाहाल. विणकाम खात्यात जॉबर व कामगार आपापसांत तेलुगू आणि कन्नडही बोलतात, परंतु मराठी सर्वांना कळते.

जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन आहे. उपाहारगृहात भाकरी, भाजी, भात व शेंगाचटणी असते. पहिल्या दिवशीचे जेवण कंपनीतर्फे आहे.

दुपारी आपण सौ. म्हेत्रे यांच्या तपासणी टेबलाजवळ बसाल. टॉवेलातून १०० चौरस सेंटीमीटरची गोल चकती कापून तिचे ग्रॅममधील वजन शंभराने गुणले, की जीएसएम मिळतो, हे आपण शिकलाच आहात. पण चकती किनारीजवळ कापली, तर आकडा फसवतो. ती नेमकी कोठे कापावी, हे त्या स्वतः कापून दाखवतील. पहिल्या दिवशी आपण केवळ पाहावे व नोंदी घ्याव्यात, कोणत्याही मालावर शेरा मारू नये. साडेचार वाजता श्री. बिराजदार यांच्याशी पुन्हा थोडे बोलणे होईल व साडेपाचला आपल्याला निघता येईल.

हा ईमेल मिळाल्याचे आणि पॅनच्या दुरुस्तीबाबत काय ठरले, ते शुक्रवार, २९ मेपर्यंत याच पत्त्यावर कळवावे. बुटांचा क्रमांकही सोबत लिहावा, म्हणजे सुरक्षा बूट त्याच दिवशी देता येतील.

आपली,
माधुरी कुलकर्णी
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग